इन्स्टाग्राम हॅक झालंय, ईमेल आणि पासवर्ड दोन्ही बदललेत: पहिल्या तासात कोणत्या क्रमाने काय करावं

प्रश्न: मैत्रिणीच्या खात्यावरून मेसेज आला, ‘एका स्पर्धेत मला मत हवंय, तुला एक लिंक येईल, तिचा स्क्रीनशॉट पाठव.’ मी पाठवला. थोड्याच वेळात इन्स्टाग्राममधून बाहेर फेकले गेले. पासवर्ड चालत नाही, आणि ‘पासवर्ड विसरलात’ केलं तर कोड माझा नसलेल्या ईमेलवर जातोय. टू-फॅक्टर लावलेलं नव्हतं. वीस मिनिटं झालीत. आधी काय करू?

उत्तर:

पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून बघणं आणि ‘पासवर्ड विसरलात’ दाबणं आधी थांबवा. तो कोड आता खातं पळवणाऱ्या माणसाच्या ईमेलवर जातोय, म्हणजे तुमच्या प्रत्येक प्रयत्नाची खबर त्यालाच मिळते. शिवाय थोड्या वेळात फार प्रयत्न झाले तर इन्स्टाग्राम काही काळ नवे कोड पाठवणंच बंद करतं, आणि पुढे खरोखर कोड लागेल तेव्हा तुम्ही अडकता. तुमची किल्ली दुसरीकडे आहे. ती तुमच्या जुन्या ईमेलच्या पेटीत, इन्स्टाग्रामने पाठवलेल्या एका पत्रात आहे.

नेमकं काय झालं ते समजून घ्या, कारण पुढचा क्रम त्यावर ठरतो. तुम्हाला आलेली लिंक मतदानाची नव्हतीच. त्या माणसाने लॉगिनच्या पानावर तुमचं युजरनेम टाकून ‘लॉगिन लिंक पाठवा’ असं सांगितलं आणि ती लिंक तुमच्या फोनवर आली. अशी लिंक साधारणपणे `ig.me/` ने सुरू होते आणि तिच्यापुढे काही अक्षरं-अंक असतात. ती अक्षरं स्क्रीनशॉटमध्ये स्पष्ट वाचता येतात. त्याने ती आपल्या ब्राउझरमध्ये टाइप केली आणि पासवर्डशिवाय आत आला. आत आल्यावर आधी ईमेल बदलला, मग ‘पासवर्ड विसरलो’ म्हणत कोड स्वतःच्याच ईमेलवर मागवला आणि पासवर्ड बदलला. तुमचा जुना पासवर्ड त्याला कळण्याची गरजच पडली नाही. यात तुमच्यासाठी एक चांगली बातमी आहे: तुमची ईमेल पेटी बहुधा शाबूत आहे. मैत्रिणीचं खातं मात्र याच युक्तीने आधीच गेलेलं असणार, म्हणून त्या चॅटमध्ये आता एक अक्षरही लिहू नका.

पुढचं सगळं रोज वापरता त्याच फोनवरून, नेहमीच्याच इंटरनेटवरून करा. व्हीपीएन चालू असेल तर बंद ठेवा. परत मिळवण्याची विनंती करणारा माणूस खरा मालक आहे का, हे ठरवताना पूर्वी वापरलेलं उपकरण आणि नेहमीचं ठिकाण यांना महत्त्व असतं. नवा फोन किंवा ओळखीच्याचा लॅपटॉप वापरलात तर हा फायदा हातचा जातो. ॲप काढून पुन्हा टाकू नका. घरात जुना फोन किंवा टॅबलेट असेल तर त्यावर इन्स्टाग्राम अजून उघडं आहे का बघा. पासवर्ड बदलला तरी दुसऱ्या उपकरणांवरचं लॉगिन तुटतंच असं नाही. तिथे खातं उघडं दिसलं तर लॉगआउट अजिबात करू नका, ते उपकरण चार्जिंगला लावून ठेवा. परत मिळवण्याची विनंती करताना ते पूर्वी वापरलेलं उपकरण म्हणून कामी येऊ शकतं.

आता ईमेल पेटी. जीमेल असेल तर शोधाच्या चौकटीत हे जसंच्या तसं टाका:

```
in:anywhere from:security@mail.instagram.com newer_than:2d
```

`in:anywhere` हा भाग महत्त्वाचा आहे, कारण नुसत्या शोधात स्पॅम आणि कचऱ्याची पेटी वगळली जाते आणि हे पत्र नेमकं तिथेच पडलेलं असू शकतं. खात्याचा ईमेल बदलला गेला की इन्स्टाग्राम जुन्या पत्त्यावर या पाठवणाऱ्याकडून पत्र धाडतं. ‘तुमचा ईमेल बदलला गेला आहे, हे तुम्ही केलं नसेल तर खातं इथे सुरक्षित करा’ अशा अर्थाचा मजकूर त्यात असतो, आणि त्यातल्या दुव्याने तो बदल उलटवता येऊ शकतो. बाकीच्या बहुतेक वाटा खात्यात *आत्ता* नोंदलेल्या ईमेलकडे किंवा फोनकडे जातात, म्हणजे त्या माणसाकडे. हा दुवा तुमच्या जुन्या पत्त्याच्या आधारावर चालतो, म्हणून पहिल्या तासात त्याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

पत्र सापडलं तरी लगेच दुवा दाबू नका. आधी पेटी स्वच्छ आहे ना, याची पाच मिनिटांत खात्री करा. तुमच्या बाबतीत पेटीला हात लागला नसावा असं म्हटलं तरी तपासायचंच, कारण पेटीत कुणी बसला असेल तर तुम्ही नवा पासवर्ड ठेवाल आणि तो पुढच्याच मिनिटाला खातं पुन्हा हिसकावेल. असं झालं की लोकांना वाटतं दुव्याने काम केलं नाही. दुवा चाललेला असतो, पेटी फुटलेली असते.

जीमेलमध्ये तीन जागा बघा. पहिली, सेटिंग्जमधला `Filters and Blocked Addresses` हा भाग. हा संगणकावरच्या ब्राउझरमध्ये सापडतो, फोनवर असाल तर ब्राउझरमधून ‘डेस्कटॉप साइट’ निवडून उघडा. ‘अमुक पत्त्यावरून आलेलं थेट कचऱ्यात टाका’ किंवा ‘वाचलेलं म्हणून खूण करा’ असा तुम्ही न बनवलेला नियम तिथे दिसला, तर पेटी फुटलीय हे नक्की समजा. दुसरी, त्याच्याच शेजारचा `Forwarding and POP/IMAP` हा भाग. तुमची पत्रं कुठल्या अनोळखी पत्त्यावर पुढे जात असतील तर इथे कळतं. तिसरी, गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावरची उपकरणांची यादी आणि पासवर्ड विसरल्यास वापरायचा फोन व ईमेल. फिल्टर आणि फॉरवर्डिंग दोन्ही पासवर्ड बदलल्यावरही तसेच राहतात, म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. नको ते नियम पुसा, अनोळखी उपकरण काढा, मग पेटीला नवा पासवर्ड द्या, कुठेही न वापरलेला आणि किमान पंधरा अक्षरांचा. पेटीला टू-फॅक्टर नसेल तर त्याच बैठकीत लावून टाका.

पेटी अचानक शेकडो वर्गणीच्या आणि नोंदणीच्या पत्रांनी भरली असेल तर घाबरू नका, पण पुसतही बसू नका. खरं पत्र गर्दीत बुडावं म्हणून हे मुद्दाम केलं जातं. वर दिलेला शोध त्या गर्दीतूनही नेमकं पत्र काढून देतो.

आता पत्राकडे. बनावट सूचनापत्रंही अशाच दिसण्याची असतात, म्हणून पाठवणाऱ्याच्या नावाशेजारचा बाण दाबून तपशील उघडा. ‘mailed-by’ आणि ‘signed-by’ समोरचं नाव नुसतं `instagram.com` असावं किंवा त्याचा शेवट टिंबासकट `.instagram.com` असा हवा. दुव्यावर बोट दाबून धरलं की पत्ता दिसतो. तिथेही `https://` नंतरच्या पहिल्या तिरप्या रेषेच्या आधी नुसतं `instagram.com` किंवा शेवटी टिंबासकट `.instagram.com` असावं. `instagram.com.` च्या पुढे आणखी काही लागून मग रेषा आली असेल तर ते पान दुसऱ्याचं आहे. मधली पत्रंही वाचा. ईमेलबरोबर फोन नंबरही काढला असेल तर त्याचंही पत्र आलेलं असतं, आणि वेळा बघितल्या की त्याने काय केव्हा केलं याचा क्रम मिळतो. या पत्रांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रार करताना तेच कामी येतात. एकही पत्र पुसू नका.

मग दुवा दाबा आणि तो सांगेल तसं करत जा. सगळं सुरळीत झालं तर तुमचा ईमेल परत लागतो आणि नवा पासवर्ड ठेवायला मिळतो. तो ठेवताना बाकीच्या उपकरणांवरून लॉगआउट करण्याचा पर्याय दिसला तर निवडा. ही एक खूण विसरली की तो माणूस आपल्या उघड्या लॉगिनमधून आतच राहतो.

इथे दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे दुवा ‘मुदत संपली’ म्हणतो. कधी तो पत्रातून ॲपमध्ये उघडल्यामुळे नीट चालत नाही. दुव्याचा पत्ता कॉपी करून फोनच्या ब्राउझरमध्ये चिकटवा आणि एकदाच बघा. दुसरी अडचण जास्त त्रासाची आहे: ईमेल परत मिळतो, नवा पासवर्डही लागतो, पण आत जाताना सहा अंकी कोड मागितला जातो. तुम्ही टू-फॅक्टर लावलं नव्हतं ना? मग ते त्याने लावलं, स्वतःच्या फोनवरच्या ॲपला जोडून. अशा वेळी अंदाजाने कोड टाकू नका. त्याच पडद्यावर `Try another way` असा पर्याय असतो. तिथून मदत मागण्याची वाट निघते, आणि ती पुढे सांगतो त्या ओळखपडताळणीपाशी येऊन मिळते.

पत्र सापडलंच नाही, किंवा दुवा चाललाच नाही, तर ब्राउझरमध्ये `instagram.com/hacked` स्वतः टाइप करा. शोधयंत्रात शोधून वर आलेल्या जाहिरातीवर जाऊ नका, तिथे हुबेहूब दिसणारी पानं असतात. या पानावर काय झालं ते विचारतात. खातं हॅक झाल्याचा पर्याय निवडा. पुढे युजरनेम लागतं. त्याने तेही बदललं असेल तर तुमचं जुनं नाव शोधल्यावर ‘खातं सापडलं नाही’ असं येतं, आणि खातंच उडवलं असं समजून लोक हाय खातात. बहुतेक वेळा ते फक्त नाव बदलल्यामुळे होतं. तुमच्याशी पूर्वी चॅट झालेल्या कुणालाही ती चॅट उघडून वरचं नाव वाचायला सांगा, तिथे नवं नाव दिसतं. ते कागदावर लिहून घ्या, अधोरेषा आणि टिंबांसकट.

याच वाटेवर तुम्हाला फक्त तुम्हीच उघडू शकाल असा ईमेल द्यायला सांगतात. आत्ता साफ केलेली पेटी द्या, किंवा तिच्याबद्दल जराही शंका असेल तर नवा पत्ता काढा. मग ओळख पटवायची. खात्यावर तुमचे फोटो असतील तर सेल्फी व्हिडिओ मागतात: पडदा सांगेल तसं डोकं वेगवेगळ्या बाजूंना वळवायचं. ही पायरी नीट करण्यावर बरंच अवलंबून आहे. उजेड चेहऱ्यावर समोरून पडेल असं खिडकीकडे तोंड करून बसा, टोपी आणि गडद चष्मा काढा, फोन डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि मान सावकाश वळवा. खात्यावरचे फोटो नुसते निसर्गाचे किंवा कामाचे असतील तर चेहरा जुळवायला काहीच नसतं. मग खातं उघडताना दिलेला ईमेल किंवा फोन आणि तेव्हा वापरलेल्या उपकरणाचा प्रकार विचारतात. आठवत नसेल तर घाईत काहीबाही भरू नका. पेटीत अगदी जुनं ‘इन्स्टाग्राममध्ये स्वागत’ असं पत्र शोधा, कोणत्या पत्त्याने नोंदणी केली होती ते त्यावरून कळतं.

विनंती एकदा गेली की उत्तर त्याच ईमेलवर येतं. दर दहा मिनिटांनी नवी विनंती पाठवू नका. एकाहून जास्त पत्रं आली तर सगळ्यांत नवा दुवा वापरा, कारण नवा निघाला की जुना बाद होण्याची शक्यता असते. व्हिडिओ नाकारला गेला तर तिथेच संपलं असं नाही, उजेड सुधारून पुन्हा पाठवता येतो.

वाट बघण्याची ही मिनिटं फुकट घालवू नका, कारण तो माणूस आता तुमच्या नावाने बोलतोय. तुमच्या ओळखीच्यांना तोच ‘स्पर्धेत मत दे’चा मेसेज जात असणार, किंवा ‘अडचणीत आहे, पैसे पाठव’, किंवा झटपट पैसे दुप्पट करण्याची एखादी पोस्ट. घरातल्या किंवा जवळच्या एकाला हे काम सोपवा: इन्स्टाग्राम सोडून दुसऱ्या मार्गाने, फोनने किंवा दुसऱ्या मेसेज ॲपवर, सगळ्यांना कळवायचं. मजकूर अगदी थेट ठेवा: ‘माझं इन्स्टाग्राम खातं आज दुपारपासून माझ्या ताब्यात नाही. तिथून आलेली लिंक उघडू नका, कोड किंवा स्क्रीनशॉट पाठवू नका, पैसे देऊ नका.’ मैत्रिणीला मात्र स्वतः फोन करा. तिला कदाचित अजून कळलेलंही नसेल.

एक गोष्ट मात्र करू नका: शंभर ओळखीच्यांना तुमचं प्रोफाइल रिपोर्ट करायला लावू नका. हेतू चांगला असतो, पण त्यातून खातं बंद झालं तर हॅक झालेलं खातं परत मिळवायचं आणि बंद केलेलं चालू करून घ्यायचं, अशी दुहेरी लढाई तुमच्याच गळ्यात येते. त्यापेक्षा त्या फसव्या पोस्टची तक्रार करायला सांगा.

खात्याला जाहिरातींसाठी कार्ड जोडलेलं असेल, किंवा त्याच ‘अकाउंट्स सेंटर’मध्ये फेसबुक असेल आणि त्याला कार्ड असेल, तर बँकेला फोन करून कार्ड तात्पुरतं गोठवा. हे पहिल्या तासातच करा, कारण चोरलेल्या खात्यातून जाहिराती चालवणं हा कमाईचा सोपा मार्ग आहे. आणि तो जुना पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरत असाल तर तिथे बदला. तुमच्या बाबतीत पासवर्ड चोरीला गेलेला दिसत नाही, म्हणून हे काम तासाभरानंतर केलं तरी चालेल.

या तासात आणखी एक धोका येतो. तुम्ही कुठे सार्वजनिक लिहिलंत की ‘माझं खातं हॅक झालं’, तर काही मिनिटांत अनोळखी लोक ‘अमुक तज्ज्ञाने माझं परत मिळवून दिलं’ असं सांगत येतात. तो सापळाच असतो. इन्स्टाग्रामच्या आतून खातं काढून देणारा कुणी बाहेरचा माणूस नसतो. तो आगाऊ पैसे मागेल, किंवा तुमच्या नव्या ईमेलवर आलेला कोड मागेल. तो कोड दिलात की उरलेली वाटही गेली.

खातं परत हातात आलं की सुटकेचा निःश्वास टाकून फोन बाजूला ठेवू नका. आत शिरलेला माणूस परत यायला एखादी फट ठेवून जातो, आणि ती शोधायला दहा मिनिटं पुरतात. `Accounts Center` उघडा आणि तिथे कोणकोणती प्रोफाइल जोडलेली आहेत ते बघा. त्याने आपलं एखादं खातं तिथे जोडलेलं असेल तर ते आधी काढा. पासवर्ड बदलूनही खातं पुन्हा जातं त्यामागे पुष्कळदा हेच असतं. मग संपर्काच्या माहितीत अनोळखी ईमेल आणि फोन शोधा, अगदी मुख्य नसलेलेही. `Where you're logged in` मध्ये तुमचं नसलेलं प्रत्येक लॉगिन तोडा. टू-फॅक्टर त्याने लावलेलं असेल तर पूर्ण बंद करून पुन्हा स्वतःच्या ॲपवर चालू करा आणि बॅकअप कोड नवे काढा, कारण जुने त्याने लिहून ठेवलेले असू शकतात. हे कोड कागदावर उतरवा. टू-फॅक्टर आधीच लावलेलं असतं तर त्या स्क्रीनशॉटमधल्या लिंकने एकट्याने त्याला आत येता आलं नसतं, पुढे कोडही लागला असता.

त्यानंतर चॅट बघा. त्याने पाठवलेले मेसेज पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या आणि ज्यांना ते गेले त्या प्रत्येकाला स्वतः कळवा. ज्याने उत्तर दिलंय त्याला आधी. पोस्ट गायब असतील तर प्रोफाइलच्या `Your activity` मधलं `Recently deleted` उघडा. पुसलेले फोटो आणि व्हिडिओ तिथे 30 दिवसांपर्यंत राहतात, पण आर्काइव्हमध्ये न गेलेल्या स्टोरी 24 तासांतच जातात, म्हणून आधी स्टोरी परत आणा, मग बाकीचं.

हाच क्रम फेसबुकलाही लागू पडतो. तिथे `facebook.com/hacked` या पत्त्यावर जायचं आणि पूर्वी वापरलेल्याच उपकरणावरून जायचं. पण ज्या पेटीवर हे सगळं उभं आहे तीच, म्हणजे गूगल खातंच गेलं असेल, तर क्रम उलटा होतो: सोशल मीडिया सोडा आणि आधी `accounts.google.com/signin/recovery` वर जा. चोराने तिथला तुमचा रिकव्हरी फोन किंवा ईमेल बदलला असला तरी बदलानंतर 7 दिवसांपर्यंत गूगल जुन्यावरही कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. आणि या सगळ्याच्या मध्ये तुमच्या फोनचं नेटवर्क अचानक गेलं, रीस्टार्ट करूनही आलं नाही, तर सगळं बाजूला ठेवून दुसऱ्या फोनवरून मोबाईल कंपनीला फोन लावा. तुमच्या नंबरचं दुसरं सिम कुणी काढलेलं असू शकतं, आणि तसं असेल तर तुमच्या नंबरवर एसएमएसने येणारे सगळे कोड त्याच्याकडे जातात.